कुलपातल्या टाइल्स

रत्नाकर पटवर्धनांचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नव्हता. पंचवीस वर्षं बनारसच्या स्टेशनात गाड्यांची चाकं हातोडीने ठोकून, आवाजावरून तडा ओळखायचा, ही त्यांची नोकरी. पण माणसाने घरी येताना हातोडी तरी तिकडेच ठेवावी की नाही?

अठ्ठ्याण्णव साली त्यांच्या रामघाटच्या घरातल्या न्हाणीघरात वर्षापूर्वी लावलेल्या टाइल्स पोकळ वाजू लागल्या. दोन तडकल्याही. रत्नाकरांनी खडूने फुल्या मारल्या आणि गल्लीभर सांगून टाकलं, "विश्वेश्वर मिस्त्रीने सिमेंट खाल्लं." कुणी पुरावा मागितला नाही. तेवढ्यावर मिस्त्रीची दोन मराठी घरांतली कामं गेली.

नाव धुऊन काढायला विश्वेश्वर स्वतःच दारात आला. "बाबूजी, एक बार दीवार देखने दीजिए."

रत्नाकरांनी आत घेतलं, पण नजर त्याच्या पिशवीवर.

त्याने उजवी भिंत बोटाच्या पेराने ठोकली. आवाज भरीव, टाइल पक्की, तडा नाही. फटींतलं सिमेंट मात्र झिजलेलं. "यहाँ जोड़ खुरचकर सुखाइए, इपॉक्सी भर दीजिए, बस."

"आणि डावी?"

"वो निकालनी पड़ेगी. इपॉक्सी जोड़ भरता है, पीछे की पोल नहीं." त्याने छिन्नीने एक टाइल सोडवली. सगळं सिमेंट भिंतीवर, टाइलची पाठ मात्र कोरी. "माल पूरा है, बाबूजी. पकड़ा नहीं. सूखी टाइल मसाले का पानी पी गयी. पीछे आधार नहीं रहा, तो बाल्टी लगते ही चटक गयी."

"मग उजवी कशी धरली?" रत्नाकर गुरगुरले.

मृणालिनीबाई दारातच उभ्या होत्या. नवऱ्याचा स्वभाव त्यांनी जन्मभर सोसला होता, आज मात्र त्यांना राहवेना. "उजव्या भिंतीच्या वेळी तुम्ही ड्यूटीवर होतात, मी टाइल्स भिजत घातल्या. डावीला तुम्ही रजा काढलीत. मिस्त्री पळवील म्हणून कुलपातून एकेक काढून कोरडीच दिलीत. भिजवू द्या म्हणून तो विनवत होता."

"तब मैं मान गया," विश्वेश्वर म्हणाला, "यही मेरी गलती है."

रत्नाकरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माणूस कोता असला तरी खोटा नव्हता. विश्वेश्वरला बरोबर घेऊन ते शेजारच्या वेणीमाधव भटजींच्या ओट्यावर गेले आणि मोठ्याने म्हणाले, "भटजी, चूक माझी होती. हा माणूस सचोटीचा आहे."

भटजींनी एकदा मिस्त्रीकडे, एकदा रत्नाकरांकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "काय रत्नाकरराव, दमदाटी केली का हो याने?"