कुलूपवाल्याच्या शुक्रावर लिलिथ

कुलूपवाला स्वभावाने इतका थंड की, बायको समोरून चोरीला गेली असती तरी आधी पावती मागितली असती, असं त्याची मेहुणी म्हणायची. ही मेहुणी पत्रिका जुळवायची. दोन पत्रिका एकमेकींवर ठेवायच्या आणि कुणाचं काय कुणाच्या कशावर बसलंय ते बघायचं, हा तिचा धंदा.

एका रविवारी ती म्हणाली, "ताई, तुझी लिलिथ चौदा अंशांवर, वृश्चिकेत. दाजींचा शुक्र पंधरावर, तिथंच. एका अंशाचं अंतर."

"ही कोण बया?" कुलूपवाल्याने विचारलं.

"ग्रह नाही, दाजी. चंद्राच्या वाटेवरचा पृथ्वीपासून सगळ्यात लांबचा बिंदू. ती दुसऱ्याच्या शुक्रावर आली की शुक्रवाला पार खुळावतो. ओढ, मत्सर, जे बोलू नये तेच मनात."

बायको नवऱ्याकडे बघतच राहिली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर परक्या पुरुषांच्या कानामागे काड्या बसवायची, आणि या माणसाने एवढ्या वर्षांत साधं "गर्दी होती का?" एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

"म्हणजे आकाशात योग आहे आणि घरात बोंब," ती म्हणाली. "तुमच्या मनात मी नाहीच. मी हिच्याकडेच राहायला जाते."

तिने खरोखरच बॅग काढून साड्या भरल्या. कुलूपवाल्याचं धाबं दणाणलं. "थांब. करतो मत्सर. मला सवय नाही, जरा वेळ दे."

दुसऱ्या दिवसापासून तो दुपारी दुकान बंद करून चष्म्याच्या दुकानासमोर उभा राहू लागला. आधी नुसते पाय दुखले. मग त्याला दिसलं की बायको फ्रेम सरळ करताना ओठ किंचित बाजूला करते. हे घरी कधी दिसलं नव्हतं. एक टकलं गिऱ्हाईक तर रोज यायचं, रोज डावी काडी सैल. कुलूपवाला त्याच्या खेपा मोजायला लागला.

पुढच्या रविवारी मेहुणी तोंड पाडून आली. "ताई, घोळ झाला. मी मध्यम लिलिथ धरली, म्हणजे सरासरीची. पण हल्ली मी सगळ्यांना स्पष्ट लिलिथ धरते, चंद्राच्या हेलकाव्यांसकट. तशी धरली तर तुझी सव्वीसवर जाते. अकरा अंश लांब. असल्या योगाला दोन-तीन अंशांची सूट देतात, त्यापुढं काही धरत नाहीत. दाजी, तुम्ही मोकळे."

बायकोचा चेहरा उतरला. "मग उद्यापासून येऊ नका."

"अंश तिकडे मरू देत," कुलूपवाला म्हणाला. "त्या टकल्याची डावी काडी रोज कशी सैल होते, ते आधी सांग."

"त्याचा कान वाकडा आहे."

"कान कधीपासून बघतेस?"

मेहुणी पुन्हा गणित काढायला लागली.  बायकोने आठवडाभर भरून ठेवलेल्या बॅगेतल्या साड्या एकेक करून कपाटात लावायला घेतल्या, ओठ किंचित बाजूला करून.