मंगळवारच्या आधीचं काही नाही

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला दादा गिऱ्हाइकांवर खेकसायचा तो एकाच गोष्टीसाठी. मशीन बंद पडून निळा पडदा आला की लोक म्हणत, "विंडोज नव्याने टाका." म्हणजे पी हळद आणि हो गोरी! दादा आधी पडद्यावरचा कोड लिहून घ्यायचा, मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे मशीनची नोंदवही, उघडून त्या वेळेच्या आगेमागे काय नोंदलंय ते वाचायचा. खरा चोर सापडल्याशिवाय विंडोजला हात लावत नसे.

आणि हाच माणूस सख्ख्या बहिणीच्या बाबतीत चुकला.

ताई अंधशाळेसाठी विज्ञानाचं पुस्तक ब्रेलसाठी टाइप करत होती. वर्षभर खपून एकेक आकृती तिने शब्दांत बसवली होती. परीक्षा तीन आठवड्यांवर आली आणि मशीन दिवसातून चारदा निळं पडू लागलं. पडद्यावर कर्नेल डेटा इनपेज एरर. म्हणजे विंडोजला हवा तो मजकूर डिस्कवरून वाचताच येत नाही. दादाला हे तोंडपाठ होतं. पण दुकानात गर्दी होती, आणि घरच्या कामाला कसली आलीय तपासणी?

"कॉपी आहे ना?" त्याने विचारलं.

"आहे की, डी ड्राइव्हवर."

त्याने नुसतं "आहे" एवढंच ऐकलं. त्याच मंगळवारी डिस्कचे सगळे भाग पुसून त्याने विंडोज नव्याने टाकलं. सी आणि डी एकाच डिस्कचे दोन तुकडे होते; कॉपीही त्यातच पुसली गेली.

दोन दिवसांनी तोच निळा पडदा परत आला. आता दादाने लॉग उघडला. नोंदी मंगळवारपासूनच्या. आधीचं सगळं त्याच्याच हाताने पुसलेलं. मशीन अचानक बंद पडल्याच्या नोंदी होत्या, पण त्यावरून कारण कळत नाही. खरं कारण त्यांच्या आधीच्या नोंदींत होतं: डिस्क, इव्हेंट सात, खराब ब्लॉक, म्हणजे डिस्कचा वाचता न येणारा भाग. दोन दिवसांत एकोणतीस वेळा. मंगळवारी पाच मिनिटं बसला असता तर हेच दिसलं असतं, आणि आधी फायली बाहेर निघाल्या असत्या.

त्याने डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली. पुसलेल्या फायली परत मिळतात का बघायला आधी अख्ख्या डिस्कची कॉपी घ्यायला सुरुवात केली. नऊ टक्क्यांवर टकटक आवाज आला आणि डिस्क दिसेनाशी झाली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. दादा खुर्चीत बसून राहिला. वीस वर्षांत इतका नालायक तो स्वतःला कधी वाटला नव्हता.

त्याने ताईला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मग तिने शाळेच्या बाईंना फोन लावला.

"बाई, पुस्तक या परीक्षेला नाही होणार. हो, सगळंच गेलं... मुलांना मी येऊन सांगते." पलीकडून काही विचारलं गेलं असावं. ताईने दादाकडे पाठ फिरवली. "छे हो, डिस्कच मेली, कोण काय करणार? माझा भाऊ यातला जाणकार आहे. त्याने आधी सगळं नीट तपासलं होतं."