दत्तराव सरांचा दहाचा आकडा

परभणीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दत्तराव सर अकरा वर्षं अॅडव्हान्स्ड अल्गोरिदम शिकवतात. माणूस सरळ, नेमका वेळेवर येणारा, पण एकदा लाल पेनानं लिहिलेला आकडा कधी बदलणार नाही. शब्दाचा पक्का म्हणून स्टाफरूममध्ये त्यांचं कौतुक होतं. मला मात्र ती खोड वाटते.

त्यांची कमाल प्रवाहाची, म्हणजे वाटांच्या जाळ्यातून एका टोकाहून दुसऱ्या टोकाला एकावेळी जास्तीत जास्त किती पाठवता येईल ते काढायची, असाइनमेंटही अकरा वर्षं तीच. उगम, क, ख आणि शेवट असे चार बिंदू. उगमातून क आणि ख कडे, क मधून ख कडे, आणि दोघांतून शेवटाकडे, अशा पाच वाटा. प्रत्येक वाटेची क्षमता दहा. उत्तरही दहा, कारण सरांच्या जुन्या फाईलीत दहा आहे. सिनिअरांच्या वह्या पोरांकडे पिढीजात चालत येतात, त्यामुळे बासष्टपैकी एकसष्ट जणांनी दहा लिहिलं आणि पूर्ण मार्क घेतले.

पाथरीहून रोज एसटीनं येणाऱ्या साधनाकडं सिनिअरची वही नव्हती. तिनं स्वतः सोडवलं आणि वीस लिहिलं. मिळालं शून्य. शून्य राहिलं तर टर्मवर्कवर सही होणार नव्हती, आणि सहीशिवाय परीक्षेला बसता येत नाही. ती वही घेऊन स्टाफरूममध्ये आली तेव्हा मी शेजारच्याच टेबलावर माझ्या विषयाच्या वह्या तपासत होतो.

सरांनी वहीकडं न बघता सांगितलं, "बाई, दिलेला मार्क मी मागं घेत न्हाई."

साधनानं फळ्यावर आकृती काढली. आधी दहा उगमातून क, तिथून ख, तिथून शेवट असे पाठवले. आता ख ते शेवट ही वाट भरली. उगम ते ख मोकळी, पण ख च्या पुढं जागा नाही. तुमची फाईल इथंच थांबली, असं ती हळूच म्हणाली. मग तिनं ख कडून क कडे उलटा बाण काढला. उगमातून ख ला नवे दहा आणले, क कडून आलेले दहा तेवढे परत फिरवले, आणि ते क मधून थेट शेवटाला सोडले. एकूण वीस. उगमातून निघतातच वीस, त्यामुळं पुढं वाढ नाही.

"उलटा बाण तुमीच शिकवला सर," ती म्हणाली. "पाठवलेलं मागं घेता येतं, म्हणून तर वीस झाले."

सरांनी उठून फळ्यावरचे बाण बोटानं एकेक मोजले. मग लाल पेन काढून त्यांनी शून्य खोडलं, शेजारी दहापैकी दहा लिहिलं आणि सही केली.

ती गेल्यावर मी विचारलं, बाकीच्या एकसष्ट वह्यांचं काय?

"एवढं मागं घ्यायचं माझं वय न्हाई," सर म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

त्या वर्षी आमच्या कॉलेजात त्याच जाळ्याचा कमाल प्रवाह दहाही होता आणि वीसही, आणि दोन्हींना पूर्ण मार्क होते.