सात नंबरचा सेट

घनश्याम ढोके सरांना एनएमआर वाचता येत नाही, हे आमच्या कॉलेजात सगळ्यांना माहीत आहे. फक्त त्यांनाच माहीत नाही. ते रसायनशास्त्राचे विभागप्रमुख आहेत, नावामागे डॉक्टर लावतात, आणि कोणी नुसतं 'ढोके सर' म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो. मी त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे काम सगळं करते आणि सहीला माझं नाव कुठेच नसतं. तेव्हा माझ्या बोलण्यात थोडा विखार आला तर तो त्या खात्यावर घाला.

सर मूळचे राजूरचे. वडील कोळसा खाणीच्या ऑफिसात होते आणि मुलाने साहेब व्हावं अशी त्यांची फार इच्छा होती. मुलगा साहेब झाला, पण त्यापुढे काही व्हायचं असतं हे त्याला कोणी सांगितलं नाही. पीएचडीचे स्पेक्ट्रा, म्हणजे रसायन ओळखायचे मशीनवरचे आलेख, नागपूरला काढून आणले, त्यांचा अर्थ तिथल्याच एका मित्राकडून लावून घेतला, आणि प्रबंधाला सोनेरी अक्षरांची बांधणी केली. ती बांधणी ते अजून पाहुण्यांना दाखवतात. आतलं पान उघडून दाखवलेलं मी कधी पाहिलं नाही.

मात्र एका कामात या माणसाचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही. एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक आला की त्याची सरबराई कशी करावी, हे सरांकडून शिकावं. पानगे, वांग्याची भाजी, वर तूप, मग पान. परीक्षक जेवून उठला की त्याला कागद वाचवत नाहीत, तो सह्या करतो. सरांची सगळी विद्वत्ता त्या पानग्यांवर उभी आहे.

आता स्पेक्ट्राचं सांगते. आमच्याकडे एनएमआरचं मशीन नाही, असण्याची शक्यताही नाही. म्हणून परीक्षेत मुलांना झेरॉक्स देतात. एक कागद आयआरचा, म्हणजे रेणूतले बंध ओळखायचा, एक एनएमआरचा, म्हणजे हायड्रोजन कुठे बसलेत ते सांगणारा, दोन्हींना एक पिन आणि वरच्या कागदाच्या कोपऱ्यात लाल शाईने सेटचा नंबर. चिठ्ठी उचलायची, सेट घ्यायचा आणि हे रसायन कोणतं ते कारणांसह लिहायचं. ही झाली पद्धत. प्रत्यक्षात काय होतं, तर मोठ्या वर्गातली मुलं लहान वर्गातल्या मुलांना पाढा शिकवून जातात. तीन नंबर अॅसिटोफिनोन, सात नंबर इथिल बेंझोएट, बारा नंबर बेंझिल अॅसिटेट. कागद वाचायचाच नाही, कोपरा वाचायचा. पाढा असा तोंडी चालत आला आहे की सरांनासुद्धा तोच पाठ आहे. तपासताना तेही कोपराच बघतात.

एवढ्या सुखाच्या संसारात प्रियंका आत्राम आली.

प्रियंका झरी जामणीकडची. होस्टेलवर राहायची, फार बोलायची नाही, पण बोलली की समोरच्याला झोंबायचं. पाढा शिकवायला आलेल्या सीनियरला तिने तोंडावर सांगितलं होतं, की मला नंबर नको, आलेखातली पीक, म्हणजे उंच टोकं, कशी वाचायची ते सांग. सीनियरला ते येत नव्हतं. मग ती माझ्याकडे आली, आणि खोटं कशाला बोलू, तिला शिकवताना मला बऱ्याच वर्षांनी आपण मास्तर आहोत असं वाटलं.

परीक्षेच्या दिवशी तिचं नशीब फुटलं. सकाळच्या प्रयोगात तिचा पदार्थ गाळताना अर्धा सिंकमध्ये गेला आणि तिथले गुण बुडाले. आता स्पेक्ट्राच्या प्रश्नात पूर्ण गुण मिळाले तरच ती पास होणार होती. बुटीबोरीच्या एका औषध कंपनीने तिला तपासणी विभागात घ्यायचं कबूल केलं होतं, पण निकालात पास लिहिलेलं पाहिजे ही अट होती. तिने चिठ्ठी उचलली. सात नंबर. शेजारचा अमर हळूच म्हणाला की सुटलीस, आणि त्याने स्वतः बारा नंबर उचलून न बघता बेंझिल अॅसिटेट लिहून टाकलं.

प्रियंका मात्र कागद बघत बसली. सगळे उठून गेले तरी बसली. शेवटी तिने उत्तर दिलं ते एका ओळीचं होतं आणि खाली कारणांचं पानभर. ओळ अशी: 'हे दोन आलेख एका रसायनाचे नाहीत.'

सरांनी कोपरा पाहिला, उत्तर पाहिलं आणि शून्य दिलं. तिने जागेवरच विचारलं की शून्य का. सरांना आयुष्यात असा प्रश्न कोणी विचारला नव्हता, निदान बाहेरच्या परीक्षकासमोर तरी नाही. परीक्षक अमरावतीचे सदाशिवराव होते, नुकतेच पानगे खाऊन खुर्चीत विसावले होते आणि त्यांना चारच्या गाडीची घाई होती.

सर म्हणाले, "कायले वाद घालून राह्यली? सात नंबर म्हणजे इथिल बेंझोएट. पोरं वर्षानुवर्षं हेच लिहून राह्यले."

"इथिल असंल तर चार फाट्याचं पीक कुठी हाये सर? मले बोट ठेवून दाखवा," प्रियंका म्हणाली.

सरांनी बोट उचललं. कागदावर ते कुठे ठेवायचं ते त्यांना कळेना. बोट तसंच हवेत राहिलं, मग त्या बोटाने त्यांनी चष्मा सारखा केला. मला हसू आवरेना, मी खिडकीकडे तोंड केलं.

तिचं म्हणणं साधं होतं. इथिल गटात दोन कार्बन शेजारी असतात, एकावर दोन हायड्रोजन, दुसऱ्यावर तीन. एनएमआरमध्ये प्रत्येकाचं पीक शेजाऱ्याच्या हायड्रोजनपेक्षा एका फाट्याने जास्त फुटतं. म्हणजे एक पीक चार फाट्यांचं हवं, एक तीन फाट्यांचं. त्या कागदावर एकही फुटलेलं पीक नव्हतं. दोन पॉइंट एकला तीन हायड्रोजनची सरळ रेघ, पाच पॉइंट एकला दोन हायड्रोजनची सरळ रेघ, आणि सात पॉइंट तीनच्या आसपास बेंझिनच्या पाचही हायड्रोजनचा एकच झुपका. बेंझोएट असतं तर त्या पाचातले दोन आठपर्यंत सरकले असते. हा एनएमआर बेंझिल अॅसिटेटचा होता. पण आयआरच्या कागदावर कार्बोनिलचं, म्हणजे कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाचं पीक सतराशे वीसला होतं. साध्या एस्टरचं ते सतराशे चाळीसच्या आसपास येतं, कार्बोनिल बेंझिनच्या वलयाला लागून असेल तरच खाली घसरतं. बाराशे पंचाहत्तरचा जाड पट्टाही बेंझोएटचाच होता. थोडक्यात, आयआर एकाचा आणि एनएमआर दुसऱ्याचा. दोघांचं रेणुसूत्र तेच, म्हणून वर छापलेल्या सूत्रावरून कोणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. अर्थात कागद वाचणाऱ्यालाच शंका येते.

सरांनी शेवटचं शस्त्र काढलं. ते सदाशिवरावांना म्हणाले की पोरगी जरा हट्टी आहे, तुम्ही सही करा, गाडी चुकेल. सदाशिवरावांनी पेन उघडलंही होतं. तेवढ्यात प्रियंकाने बारा नंबरचा सेट मागितला.

"याचा जोडीदार त्याच्यात असंल," ती म्हणाली.

सदाशिवरावांना काय वाटलं कोण जाणे. बहुतेक कधीकाळी तेही हे शिकले होते. त्यांनी बारा नंबर मागवला, स्वतःच्या नखाने दोन्ही पिना उचकटल्या आणि चार कागद टेबलावर मांडले. बाराच्या एनएमआरवर चार पॉइंट चारजवळ चार फाटे आणि एक पॉइंट चारजवळ तीन फाटे अगदी ठळक उभे होते. आठला दोन हायड्रोजनही सरकलेले. एनएमआरचे दोन कागद अदलाबदल केले आणि दोन्ही जोड्या जुळल्या.

ही अदलाबदल कधी झाली ते मला आठवतं. जुने सेट फाटले म्हणून सरांनी शिपायाला गठ्ठा घेऊन झेरॉक्सच्या दुकानात पाठवलं होतं आणि दुकानदाराने सूत्र बघून पिना मारल्या होत्या. तेव्हापासून दर वर्षी सात नंबरवर मुलांनी इथिल बेंझोएट लिहिलं, चार फाट्यांचं वर्णनही लिहिलं, कागदावर नसलेल्या फाट्यांचं, आणि सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले. इतक्या जणांनी एकाच कागदावर नसलेली गोष्ट पाहिली, हा आमच्या विभागाचा खरा शोध आहे.

सदाशिवरावांनी निकाल असा दिला, की प्रश्नच चुकीचा होता, म्हणून सात आणि बारावाल्या सगळ्यांना पूर्ण गुण. गाडी त्यांना मिळाली. प्रियंका पास झाली, पण तिचं तोंड कडू झालं होतं.

"मॅडम, अमरनं कागद पलटूनबी नाही पाह्यला. मले त्याच्याएवढेच मार्क देले," ती जिन्यात मला म्हणाली.

मी तिला म्हटलं की नोकरी मिळाली ना, बाकी सोड. मला स्वतःलाच ते पटलं नाही. ती बुटीबोरीला गेली आणि तिथे रोज मशीनमधून निघालेले ताजे आलेख वाचते. निरोप समारंभात सरांनी भाषण केलं, की आपल्या विभागाने एक मोठी चूक शोधून काढली. शाल त्यांनीच घेतली.

मी त्याच संध्याकाळी दोन्ही सेट बरोबर जोडले, नवीन पिना मारल्या आणि सरांना तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

यंदा परीक्षेत सात नंबर निकिताला आला. हुशार मुलगी, अक्षर मोत्यासारखं. तिने कागद न उलटता झरझर लिहिलं: 'हे दोन आलेख एका रसायनाचे नाहीत. आयआर इथिल बेंझोएटचा, एनएमआर बेंझिल अॅसिटेटचा.' पाढा सुधारला होता. सरांनी कोपरा पाहिला आणि पैकीच्या पैकी गुण दिले. शेजारी बसलेल्या नव्या परीक्षकाला अभिमानाने म्हणाले की आता आमची पोरं स्वतः विचार करतात.

मी तिचा सेट सरांच्या पुढ्यात ठेवला. एनएमआरच्या कागदावर चार पॉइंट चारला बोट ठेवलं आणि म्हटलं, "सर, हे चार फाटे बघा. आता दोन्ही जुळतात."

सरांनी चष्मा वर केला, कागदाच्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि मला समजावून सांगावं तसं हळू आवाजात म्हणाले, "सात नंबरच हाये ना मॅडम? मंग नाही जुळत."

आणि त्यांनी परीक्षकाला जेवायला उठवलं.