काळी स्क्रीन आणि ओलं फडकं

दसऱ्याच्या पूजेत स्क्रूड्रायव्हरांसोबत मी गिऱ्हाइकांचे उघडलेले लॅपटॉपही मांडायचो. ज्याच्यावर पोट चालतं त्याला हळदकुंकू लागलंच पाहिजे, हा माझा हट्ट. सीताबर्डीच्या माझ्या छोट्याशा दुकानात हे कधी चुकलं नाही.

एका वर्षी दसऱ्यानंतर चार दिवसांनी उमरेडची एक मुलगी लॅपटॉप छातीशी धरून आली. दसऱ्याला तो माझ्याच दुकानात होता; पूजेनंतर मीच त्यात जास्तीची रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, बसवून दिली होती.

"दादा, पंखा फिरून राहिला, पण स्क्रीन काळीच आहे. पाच वाजेपर्यंत प्रबंध अपलोड नाही झाला तं माही पाच वर्षं पाण्यात गेली."

साडेतीन वाजले होते.

"दुसरीकडं कॉपी काहून नाही ठेवली?" मी खेकसलो.

"जुनी आहे. शेवटची दोन प्रकरणं यातच हाये."

डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावावी, तर ती कुलूपबंद आणि ते कुलूप उघडायचा आकडा, रिकव्हरी की, मुलीकडे नाही. मी स्क्रीनवर टॉर्च तिरपी धरली. पुसटही चित्र नाही. बाहेरचा मॉनिटर जोडला, तोही कोरा. म्हणजे स्क्रीन बिचारी निर्दोष होती, मशीनच सुरू होत नव्हती.

"पाणी सांडलं?"

"आईनं ओल्या फडक्यानं पुसला होता. मी तिले लय बोलली. रडत बसली घरी."

"मंग होणारच," मी म्हणालो. मला बोलायला काय जातं.

चार्जर काढला, मागचं झाकण उघडून बॅटरीची वायर सोडवली आणि उरलासुरला करंट उतरावा म्हणून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. सगळं पुन्हा जोडून पाहिलं, पंखा फिरला, स्क्रीन काळीच. मुलगी स्टुलावर बसून रडायला लागली.

पुन्हा वीज तोडली आणि रॅमच्या बाजूच्या क्लिपा सरकवल्या. पट्टी वर आली. तिच्या सोनेरी टोकांवर लाल चिकटा होता. खाचेतही. कुंकू. माझंच.

टोकं स्पिरिटनं पुसली, खाच मऊ ब्रशनं झाडली, सुकू दिली. पट्टी तिरपी घालून कट्ट आवाज येईस्तोवर दाबली. वीज जोडली, बटण दाबलं. काळं. मिनिटभर काळंच. मग उजेड आला.

पाचला दहा कमी असताना प्रबंध गेला. तिनं हात जोडले, "दादा, तुमच्या हाताले यश आहे."

ते ऐकवेना. लाल झालेलं कापड तिच्यापुढं ठेवलं आणि सगळं सांगितलं. मग तिनं घरी फोन लावून माझ्या हातात दिला.

"काकू, तुमच्या फडक्यानं काही नाही झालं," मी म्हणालो. "चूक माही होती."

पलीकडून थकलेला आवाज आला, "पोरीचं काम झालं ना, भाऊ? मी सकाळपासून चूल नाही पेटवली."