माझा ओटीपी नरखेडच्या बागेत

साठी उलटल्यावर एम. ए. करायला घेतलं, तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजत होते. आज सत्तरीपलीकडून त्या बाईकडे बघते तेव्हा तिचा कान धरावासा वाटतो. नवा फोन, नवा नंबर घेतल्यावर तिनं भिशीतल्या बायकांना कळवलं, दूधवाल्याला कळवलं, कामठीच्या नणंदेला तर दोनदा कळवलं. एका विद्यापीठाला मात्र कळवलं नाही. जुनं सिमकार्ड रिचार्जविना पडून राहिलं आणि बंद झालं.

शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा जवळ आली. ती हुकली की वर्ष बुडालं. वेळापत्रक विद्यापीठानं दिलेल्या ई-मेलवर येणार होतं आणि मला पासवर्ड आठवेना. तो मीच ठेवलेला, कुणालाही सुचणार नाही असा. मलाही सुचेना! आधी नातवाचं नाव टाकून पाहिलं, मग त्याच्या पुढे जन्मसाल, मग सुनेचं नाव. शेवटी खातंच कुलूपबंद झालं. पोर्टलवर गेले तर तिथंही तेच. ‘पासवर्ड विसरलात?’ वर बोट ठेवलं, तर ओटीपी नोंदवलेल्या मोबाईलवर पाठवल्याचं उत्तर आलं. म्हणजे माझ्या जुन्या नंबरावर.

बंद नंबर कंपनी दुसऱ्याला देते, हे मला कुठं ठाऊक? सहज लावून पाहिला, तर रिंग गेली. पलीकडे मोटारपंपाची घरघर आणि एक खणखणीत आवाज.

“कोण बोलून राहिलं?”

“बाई, मी नागपूरच्या नंदनवन वस्तीतून. हा नंबर आधी माझा होता.”

“आता माया हाय. नरखेडकडची हाय मी.”

“हो हो, तुझाच. आत्ता एक आकड्यांचा मेसेज आला असेल बघ. तेवढा वाचून दाखव.”

“काहून?”

मी पासवर्डाची सगळी रडकथा सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतली.

“हे पाहा काकू, त्याच्यातच लिवलं हाय, कोणाले सांगाचा नाही म्हणून. आमच्या गावात एका जणानं असाच सांगितला, त्याचं बँकेचं खातं साफ झालं. तुमी खऱ्या असान, पण मी नाही सांगत.”

मी चिडले. “अगं, मी आजीच्या वयाची बाई, तुला फसवणार आहे का?”

“फसवणारा वय सांगूनच फसवते, काकू.”

मी फोन ठेवणार, तेवढ्यात तीच म्हणाली, “थांबा. आकडे नाही देत, पण तुमच्या कॉलेजचे बाकीचे मेसेज वाचून दाखवतो. मी एकही पुसला नाही. कोणाच्या तरी लेकराची परीक्षा असन, वाटलं. लेकरू एवढं मोठं निघन, हे नव्हतं वाटलं!”

तिनं अडखळत, अक्षर न अक्षर वाचलं: तोंडी परीक्षेची तारीख अलीकडे आणली आहे, केंद्र व वेळ अधिकृत ई-मेलवर पाहावी. मी फोनवरच रडायला लागले. मी तर आरामात नोट्स काढत बसले होते.

“रडू नका,” ती म्हणाली. “आधारकार्ड अन् कॉलेजचं कार्ड घ्या अन् सरळ कॉलेजात जा. माणसं बसली आहेत न तिथं! चेहरा दाखवा, नंबर बदलून घ्या.”

एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या बाईला हे सुचलं नव्हतं. ऑटो करून विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र गाठलं. तिथल्या बाईंनी ओळखपत्रं तपासली, अर्ज घेतला, नवा नंबर नोंदवला आणि ई-मेलचं कुलूप काढायला वर कळवलं. संध्याकाळी तात्पुरता पासवर्ड मिळाला. तो टाकताच नवा ठेवायला सांगितलं. या वेळी नातवाला मधे आणलं नाही. मेल उघडली. परीक्षा दुसऱ्याच दिवशी सकाळी, आणि तीही भलत्याच कॉलेजात!

परीक्षा दिली. परीक्षकांनी विचारलं त्यातलं बरंचसं आलं. नाही आलं तिथं मी वयाचा फायदा घेऊन खोकले.

बाहेर येताच माझ्या जुन्या नंबराला फोन लावला. त्या बाईच्या सावधपणाचं मला इतकं कौतुक वाटत होतं, की आदल्या दिवशीच्या माझ्या चिडण्याचं हसू येत होतं. माझ्या विनवण्यांना ती विरघळली असती, तर उद्या दुसऱ्या कुणाच्या विनवण्यांनाही विरघळली असती.

“पास झाल्या का?” तिनं पहिलं तेच विचारलं.

“निकाल लागायचा आहे.”

“मंग आता तो तुमच्याच नंबरावर येईन. मले कसा समजन?”

निकाल लागला त्या दिवशी मुलाच्याही आधी तिला कळवलं. तिनं फोन कानापासून न काढताच संत्र्याच्या बागेतल्या बायांना ओरडून सांगितलं, “अवं ऐका वं, आपली काकू पास झाली!”

माझा कान दुखला. मी फोन तसाच धरून ठेवला.