आधी कांताबाई, मग जेवण

आम्रपाली भिलाईत घरगुती समारंभांचे व्हिडिओ करायची. शूटच्या आधी घरच्यांसोबत बसून ती कोणता शॉट कुठे आणि कधी घ्यायचा, हे ठरवायची. धोंडबा स्टील प्लांटमधून रिटायर होणार होते, म्हणून ती सेक्टर सहामधल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये आली होती. त्यांचा मुलगा राजदीप सांगत गेला, "गेटवर हार, मग घरी पाहुणे, जेवण, ग्रुप फोटो."

"आणि आईचे शॉट?"

"मले शेवटी घे," कांताबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या. "आधी सैपाक उरकू दे."

हे 'शेवटी' आम्रपालीच्या चांगल्या ओळखीचं होतं. तोवर ऊन उतरलेलं असतं, आणि गॅसपुढे उभं राहून बाईचा चेहरा पार सुकलेला असतो.

"काकू, लग्नाच्या फोटोतही पदरानं तोंड झाकलंय तुमचं," भिंतीकडे बघत ती म्हणाली. मग तिनं कांताबाईंचे शॉट सकाळच्या कोवळ्या उन्हात, व्हरांड्यात, यादीत सगळ्यांच्या आधी टाकले आणि जेवण तासभर पुढे ढकललं.

"अरे, मेहमान बोंबलतील ना!" राजदीप म्हणाला.

कांताबाई हात पुसत बाहेर आल्या. "बोंबलू दे. पोरी, निळी साडी नेसू का पिवळी?"